‘वेटर पाहिजेत’ या दोन शब्दांच्या पुढे

‘पाहिजेत – वेटर, कॅशियर. पगार योग्यतेनुसार. राहण्या-जेवणाची सोय. समक्ष भेटा.’

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात हॉटेलच्या दारावर, रिक्षाच्या पाठीवर किंवा वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींत हा मजकूर दिसतो. छोट्या जाहिरातीचे पैसे शब्दांवर किंवा ओळींवर लागत, त्यामुळे मालकांना काटकसरीने लिहायची सवय लागली. आता हीच जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट फिरते आणि तिथे शब्दांना तोटा नसतो. तरीही मजकूर तेवढाच राहिला आहे.

याचा त्रास दोन्ही बाजूंना होतो. बीड किंवा नांदेडहून आलेला मुलगा बसभाडे खर्चून पुण्यात उतरतो, ‘समक्ष भेटतो’ आणि पगार ऐकून परत फिरतो. मालकाची दुपार मुलाखतींत जाते, माणूस ठेवला तर तो पहिला पगार घेऊन सुट्टीवर जातो तो परतच येत नाही. मग दारावर पुन्हा तोच कागद चिकटतो. पगार, वेळ, काम आणि लागणारे कौशल्य या चार गोष्टी आधीच लिहून टाकल्या, तर यातले बरेचसे टळते. पण त्या लिहायच्या तर आधी मालकाला स्वतःलाच त्या ठाऊक हव्यात. बहुतेक ठिकाणी गाडे तिथेच अडते.

उदाहरणासाठी पुण्यातल्या कोथरूडसारख्या भागातले एक शाकाहारी उपाहारगृह डोळ्यांसमोर आणू. आसने साठ, म्हणजे चार-चार जणांची पंधरा टेबले. स्वयंपाकघर, काउंटर, साफसफाई धरून बावीस माणसे. दुपारचे जेवण साडेअकरा ते साडेतीन, रात्रीचे सात ते अकरा. मधल्या वेळात बसायची जागा बंद, पार्सलचा काउंटर मात्र चालू. या मालकाला जाहिरात लिहायची आहे.

वेळेचा हिशेब

सुरुवात पगारापासून नको, वेळेपासून करावी. कारण पगार किती तासांचा, हे ठरल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

एक सराईत वेटर गर्दीच्या वेळी साधारण चार टेबले नीट सांभाळतो. पंधरा टेबलांना म्हणून एका वेळी चार वेटर लागतात. सरळ दोन पाळ्या ठेवल्या, एक सकाळची आणि एक संध्याकाळची, तर रोज आठ माणसे हवीत. आठवड्याच्या सात दिवसांत छप्पन्न हजेऱ्या भरायच्या आणि प्रत्येकाला एक सुट्टी द्यायची म्हटले की नऊ-दहा जण ठेवावे लागतात. त्याऐवजी तेच चार जण दुपारी आणि रात्री दोन्ही वेळा आले, तर अठ्ठावीस हजेऱ्यांसाठी पाच माणसे पुरतात. हॉटेलांत चालणाऱ्या ‘ब्रेक शिफ्ट’चे मूळ या हिशेबात आहे: दुपारचे जेवण संपले की वेटर खोलीवर जाऊन पडतो आणि संध्याकाळी पुन्हा शर्ट चढवतो.

ब्रेक शिफ्ट वाईट असते असे नाही. गावाहून आलेल्या आणि जवळच राहणाऱ्या मुलांना ती चालते. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्याला मात्र ती परवडत नाही, कारण साडेतीन ते सात हा वेळ त्याला फुटपाथवर काढावा लागतो. म्हणून ‘ब्रेक शिफ्ट’ हे शब्द जाहिरातीत यायलाच हवेत. ते लपवले की माणूस आठवड्यात निघून जातो.

इथे कायदाही पाहावा लागतो. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली. त्याच कायद्यात आणखी एक मर्यादा आहे, ती हॉटेलवाल्यांच्या नजरेतून सहसा सुटते. पहिल्यांदा कामावर येण्यापासून शेवटी घरी जाण्यापर्यंतचा सगळा पसारा, मधली विश्रांती धरून, साडेदहा तासांच्या वर जाता कामा नये, असे मूळ 2017 च्या कायद्यात होते. तुटक स्वरूपाच्या कामासाठी ही मर्यादा 12 तासांची होती. 2025 च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे तास 9 वरून 10 आणि पसारा 12 तासांपर्यंत नेण्याच्या दुरुस्तीला मंजुरी दिली. जाहिरात लावायच्या दिवशी नेमका कोणता नियम लागू आहे, हे कामगार कार्यालयात किंवा आपल्या हिशेबनिसाकडे विचारून घ्यावे.

आपल्या मालकाचा पहिला बेत असा होता: सकाळी अकरा ते साडेतीन आणि संध्याकाळी सात ते साडेअकरा. काम नऊ तासांचे, म्हणून त्याला ते नियमात बसलेले वाटले. पण अकरा ते साडेअकरा म्हणजे पसारा साडेबारा तासांचा झाला आणि सहा दिवसांचे तास चोपन्न. दोन्हीकडे मर्यादा ओलांडली. मग बेत बदलला: साडेअकरा ते साडेतीन, सात ते अकरा. काम आठ तास, पसारा साडेअकरा तास, सहा दिवसांचे बरोबर अठ्ठेचाळीस. टेबले मांडणे आणि पाणी भरणे हे सकाळचे काम हेल्परकडे गेले. रात्रीची शेवटची ऑर्डर सव्वादहाला घ्यायची ठरली, म्हणजे अकराला वेटर मोकळा होतो. एखादे कुटुंब गप्पा मारत बसले आणि साडेअकरा वाजले, तर तो अर्धा तास जादा काम म्हणून लिहायचा. जादा कामाचा दर कायद्याने दुप्पट आहे.

‘योग्यतेनुसार’ म्हणजे किती?

‘पगार योग्यतेनुसार’ हे वाचून उमेदवाराच्या मनात येते की पगार कमी असणार. मालकाच्या मनात असते की घासाघीस करू. दोघेही चुकीच्या जागी वेळ घालवतात.

आकडा लिहिला तरी एक घोळ उरतो. तो आकडा कापाकापीच्या आधीचा की हातात पडणारा? आपल्या मालकाने वेटरला महिना 16,000 रुपये द्यायचे ठरवले आहे. त्यातले 15,000 मूळ वेतन व विशेष भत्ता, 1,000 घरभाडे भत्ता. वीस किंवा जास्त माणसे असल्याने भविष्य निर्वाह निधी लागू आहे, त्याचे 15,000 वर 12 टक्के म्हणजे 1,800 रुपये कापले जातात. राज्य विमा योजनेचे 0.75 टक्के, म्हणजे 120 रुपये. पुरुष कामगाराचा व्यवसाय कर महिना 200 रुपये, फेब्रुवारीत 300. उरतात 13,880. महाराष्ट्रात महिलांना महिना 25,000 पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, त्यामुळे त्याच पगारावर महिलेच्या हातात 14,080 पडतात.

जाहिरातीत नुसते ‘16,000’ लिहिले आणि पहिल्या महिन्याला खात्यात 13,880 आले, तर मुलाला आपण फसलो असे वाटते. मालकाने एक रुपया चोरलेला नसतो, उलट तो निधीत स्वतःचाही हिस्सा भरत असतो. पण ते सांगितलेले नसते. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले की हा प्रश्न मिटतो.

अर्थात लिहिलेला पगार राज्याने हॉटेल व्यवसायासाठी ठरवलेल्या किमान वेतनाच्या खाली असता कामा नये. किमान वेतनात परिमंडळानुसार फरक असतो आणि त्यातला विशेष भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत बदलतो. गेल्या वर्षीची जाहिरात जशीच्या तशी पुन्हा लावणे म्हणूनच धोक्याचे.

जादा तासाचा दर मुलालाही काढता यावा. 16,000 भागिले 26 दिवस भागिले 8 तास, म्हणजे तासाला साधारण 77 रुपये. दुप्पट केले की 154. तो अर्धा तास उशिरापर्यंत थांबला तर 77 रुपये मिळायला हवेत.

राहिली टिप. ‘टिप भरपूर’ हा जाहिरातीतला आवडता शब्द आहे, पण तो पगार नव्हे. टिप गिऱ्हाईक देते, मालक नाही. मालकाने एवढेच सांगावे की टिपेची वाटणी कशी होते: ज्याची त्याला, की डब्यात टाकून आठवड्याला सगळ्यांना, आणि त्यात भांडी घासणाऱ्याचा वाटा आहे का. सर्व्हिस चार्जच्या भरवशावर पगार सांगणे तर आता पूर्ण सोडावे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सर्व्हिस चार्ज सक्तीने लावायला मनाई केली आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती भूमिका उचलून धरली. गिऱ्हाइकाने ‘काढून टाका’ म्हटले की ती रक्कम बिलातून जाते. तिच्यावर वेटरचा महिना कसा चालणार?

‘राहण्या-जेवणाची सोय’ याही शब्दांना पोटात बऱ्याच गोष्टी आहेत. एका खोलीत किती जण, हॉटेलपासून किती अंतर, विजेचे बिल कोण भरणार, आणि सोय फुकट की पगारातून कापून? सहा जणांची खोली चालणारी मुले असतात, पण ते त्यांना आधी कळायला हवे.

गल्ल्यावर बसणाऱ्याचे काम

वेटरचे काम निदान डोळ्यांना दिसते. कॅशियरचे काम म्हणजे पैसे घेणे, असा समज असतो आणि जाहिरातीतही तेवढेच लिहिलेले असते. खरे काम रात्री हॉटेल बंद झाल्यावर कळते.

सकाळी गल्ल्यात सुट्ट्यांचे 3,000 रुपये ठेवले. दिवसभरात बिलिंग मशीनने 41,260 रुपयांची विक्री दाखवली. त्यात यूपीआयने 27,900, कार्डाने 6,480 आले. म्हणजे रोख 6,880 असायला हवी. सुट्ट्यांचे 3,000 मिळवले की 9,880. मधल्या वेळात कोथिंबीर आणि बर्फासाठी 640 रुपये दिले, त्याची चिठ्ठी आहे. तेव्हा गल्ल्यात 9,240 सापडायला हवेत. मोजले तर 9,140. शंभर कमी.

हे शंभर कुठे गेले, ते शोधणे हे कॅशियरचे खरे कौशल्य. कच्चा माणूस खिशातून शंभर टाकतो आणि घरी जातो. पक्का माणूस आधी खर्चाच्या चिठ्ठ्या पाहतो. मग यूपीआयची यादी बँकेच्या खात्याशी लावतो: एखादे बिल रोखीत नोंदले गेले आणि पैसे प्रत्यक्षात यूपीआयने आले, असे वारंवार होते. तसे असेल तर खात्यात शंभर जास्त दिसतील. मग रद्द केलेली बिले पाहतो. तेही जुळले, तर सुट्टे देताना चूक झाली असे धरून वहीत शंभराची तूट लिहितो आणि सही करतो.

यूपीआयची फसवणूकही गल्ल्यावरच होते. गिऱ्हाईक फोनवरची हिरवी खूण दाखवते आणि निघते. ती खूण जुन्या व्यवहाराची किंवा बनावट असू शकते. कॅशियरने गिऱ्हाइकाचा फोन पाहायचा नाही, स्वतःच्या यंत्राचा आवाज किंवा खात्यातली नोंद पाहायची. हा एक नियम जाहिरातीतल्या कामांच्या यादीत लिहिला, तर येणाऱ्याला कळते की इथे काम गांभीर्याने चालते.

तूट कोणाची, हाही प्रश्न आधीच सुटायला हवा. गल्ला कमी भरला, कपबशी फुटली किंवा एखादे टेबल बिल न देता पळाले की सरळ पगारातून कापायचे, अशी पद्धत अनेक ठिकाणी आहे. वेतनाचा कायदा असे मनमानी कापणे मानत नाही. नुकसान कामगाराच्या हयगयीने झालेले असावे लागते, त्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते, आणि नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही. टेबल पळाले यात वेटरचा हलगर्जीपणा कोणता, हे दाखवणे मालकालाही अवघड जाते. म्हणून आपल्या मालकाने जाहिरातीत एक ओळ घातली: ‘चौकशीशिवाय पगारातून नुकसानभरपाई कापली जात नाही.’ अनुभवी कॅशियर सर्वांत आधी हीच ओळ शोधतात.

‘अनुभवी’ला पर्याय

‘अनुभवी व चुणचुणीत’ या शब्दांनी काहीच निवडता येत नाही. दहा वर्षे टपरीवर चहा दिलेला आणि दोन वर्षे थाळीच्या हॉटेलात काढलेला, दोघेही अनुभवीच. त्यापेक्षा माणसाला काय करता यायला हवे, ते लिहावे. वेटरसाठी: मराठी व हिंदी बोलता येणे, मेन्यू वाचता येणे, केओटी म्हणजे स्वयंपाकघरात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी सुवाच्य लिहिता किंवा टॅबवर भरता येणे, जैन जेवणाची ऑर्डर असेल तर कांदा-लसूण-बटाटा नको हे चिठ्ठीवर न विसरता टाकणे. कॅशियरसाठी: तोंडी हिशेब, बिलिंग मशीन आणि रात्रीचा ताळा.

यातली प्रत्येक गोष्ट मुलाखतीत पाच मिनिटांत तपासता येते. बिल 735 रुपये झाले आणि गिऱ्हाइकाने 1,035 दिले, तर परत किती? ज्याला गल्ल्याची सवय आहे तो विचार न करता 300 म्हणतो आणि गिऱ्हाइकाने पस्तीस सुट्टे का दिले तेही त्याला कळलेले असते. वेटरला चार जणांची ऑर्डर तोंडी सांगावी, त्यात एक थाळी जैन, एक ताक बिनमिठाचे, आणि चिठ्ठी लिहायला लावावी. चिठ्ठी वाचली की निवड होते. ‘तीन दिवस ट्रायल’ घ्यायची असेल तर त्या तीन दिवसांची मजुरी द्यावी आणि तसे लिहावे. फुकट ट्रायलवर हॉटेल चालवणारेही भेटतात आणि त्यांची कीर्ती मुलांच्या ग्रुपवर लगेच पोचते.

काही शब्द मात्र जाहिरातीत नकोतच. ‘फक्त मुले’ हा त्यातला पहिला. भरतीत स्त्री म्हणून डावलायला 2017 चा कायदा मनाई करतो. रात्री साडेनऊनंतर महिलेला काम द्यायचे तर तिची संमती, सुरक्षितता आणि घरी सोडण्याची व्यवस्था लागते, हे मात्र मालकाने आधी पक्के करावे. ‘पोऱ्या पाहिजे’ ही पाटीही गेली पाहिजे. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेल-ढाब्यांत कामाला ठेवायला 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे आणि 2016 च्या दुरुस्तीने ती जवळपास सगळ्याच कामांना लागू झाली. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करावी लागते. तिचा खर्च हॉटेल करणार असेल तर तेही लिहून टाकावे.

हे सगळे जमवून आपल्या मालकाची जाहिरात अशी झाली:

> पाहिजेत: वेटर 5, कॅशियर 2
> शाकाहारी उपाहारगृह, 60 आसने, कोथरूड, पुणे. महिला व पुरुष. वय 18 पूर्ण.
>
> वेटर. वेळ: 11.30 ते 3.30 आणि 7 ते 11 (ब्रेक शिफ्ट). पगार 16,000, निधी, विमा व व्यवसाय कर वजा जाता हातात सुमारे 13,880, महिलांना 14,080. काम: चार टेबले, ऑर्डर घेणे, वाढणे, बिल देणे. फरशी व भांडी यांसाठी वेगळी माणसे आहेत. मराठी-हिंदी बोलता व मेन्यू वाचता यावा.
>
> कॅशियर. वेळ: 11 ते 7.30 किंवा 3 ते 11.30, अर्धा तास विश्रांती. पगार 18,000, कपात नियमानुसार. काम: बिल, रोख-कार्ड-यूपीआय, पार्सलचा हिशेब, रात्रीचा ताळा. तोंडी हिशेब पक्का हवा.
>
> दोघांना. सोमवार ते शुक्रवारपैकी एक दिवस सुट्टी. जादा कामाला दुप्पट दर. दोन वेळचे जेवण मोफत. खोली हवी असल्यास चौघांत एक, चालत दहा मिनिटे, भाडे नाही, वीजबिल वाटून. टिप डब्यात, दर रविवारी सर्वांना समान. पगार दरमहा 7 तारखेपर्यंत बँकेत. चौकशीशिवाय पगारातून नुकसानभरपाई कापली जात नाही.
>
> निवड. अर्ध्या तासाची चाचणी, मग तीन दिवस पगारी ट्रायल. डिपॉझिट किंवा नोंदणी फी घेतली जात नाही. मूळ कागदपत्रे ठेवून घेतली जात नाहीत. भेट: मंगळवार ते गुरुवार, दुपारी 4 ते 6.

भेटीची वेळही मुद्दाम निवडली आहे. चार ते सहा या वेळात मालक मोकळा असतो आणि दुसरीकडे ब्रेक शिफ्टवर असलेला वेटरही मोकळा असतो. डिपॉझिटची ओळ उमेदवारांच्या रक्षणासाठी आहे. ‘हॉटेलात नोकरी, आधी 500 रुपये भरा’ असे संदेश फोनवर येतात आणि पैसे भरल्यावर समोरचा नंबर बंद होतो. नोकरीसाठी आधी पैसे मागणाऱ्याकडे जाऊच नये.

नोकरी शोधणाऱ्या प्रत्येकाने अशा जाहिरातीचा फोटो फोनमध्ये जपून ठेवावा आणि रुजू होताना याच अटींचे नेमणूकपत्र मागावे. आणि मालकांनी जाहिरात लावण्याआधी ती आपल्या सर्वांत जुन्या वेटरला वाचायला द्यावी. इथे काय लिहिले आहे आणि प्रत्यक्षात काय होते, यातला फरक तो बोट ठेवून दाखवेल. तो फरक काढून टाकावा आणि मगच कागद दारावर चिकटवावा.